पाय जमिनीला न लावता

पिल्लू घरी आलं की पहिल्या आठवड्यातच डॉक्टरांकडे फेरी होते. वजन होतं, जंतांचं औषध मिळतं, लसींच्या पुस्तिकेत पुढच्या तारखा पडतात, आणि निघताना डॉक्टर एक वाक्य हमखास सांगतात : सगळे डोस पूर्ण होईपर्यंत याला खाली उतरवू नका. घरची मंडळी ते इतकं मनावर घेतात की पिल्लू पुढचे दोन-अडीच महिने फ्लॅटच्या चार भिंतींबाहेरचं काही पाहत नाही. मग लसीकरण संपतं, हौसेनं नवा पट्टा येतो, सगळं घर त्याला घेऊन खाली उतरतं, आणि पिल्लू जिन्यातच बसकण मारतं. रिक्षा सुरू झाली की थरथरतं, छत्री उघडली की भुंकतं, समोरून दुसरं कुत्रं आलं की मालकाच्या पायांमागे दडतं. "स्वभावानंच भित्रं आहे," असा निकाल लागतो. बऱ्याचदा यात स्वभावाचा दोष फार थोडा असतो. ज्या आठवड्यांत पिल्लाला जगाची ओळख सहज होते, नेमके तेच आठवडे लसींची वाट पाहण्यात गेलेले असतात.

हे आठवडे कोणते, याचा एक जुना आणि जरा कठोर प्रयोग आहे. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या जॅक्सन लॅबोरेटरीत डॅनियल फ्रीडमन, जॉन किंग आणि ऑर्व्हिल इलियट या तिघांनी उंच कुंपण घातलेल्या मोठ्या आवारात पिल्लं वाढवली. त्यांना माणूस दिसणारच नाही, अशी व्यवस्था केली होती. काही पिल्लांना दुसऱ्या, काहींना तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि नवव्या आठवड्यात फक्त एक-एक आठवडा माणसांच्या सहवासात आणलं आणि परत आवारात सोडलं. उरलेल्यांना चौदा आठवडे पूर्ण होईपर्यंत माणूस दाखवला नाही. पाचव्या ते नवव्या आठवड्यात तो एकच आठवडा मिळालेली पिल्लं पुढे माणसांशी सहज रुळली. चौदा आठवडे माणसाविना वाढलेल्या पिल्लांवर नंतर मेहनत घेऊनही ती पूर्ण माणसाळली नाहीत. हा प्रयोग 1961 मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचा मेंदू नव्या गोष्टीकडे आधी कुतूहलानं पाहतो आणि त्यानंतर आधी संशयानं, हे आज सर्वमान्य आहे. दार एका रात्रीत बंद होत नाही. पण सोळाव्या आठवड्यानंतर तेच काम कितीतरी पट सावकाश होतं.

आता लसींचं वेळापत्रक याच्या शेजारी ठेवून पाहा. पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे, आणि शेवटचा सोळा आठवडे झाल्यावर. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांची. म्हणजे एक काळ संपतो तेव्हाच दुसरा संपतो. डॉक्टरांची सूचना जशीच्या तशी पाळली तर हाती काही उरत नाही.

डोस इतके का लागतात, हे नीट कळलं तर बराचसा गुंता सुटतो. जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी पिल्लू आईचा चीक पितं आणि त्यातून आईची प्रतिपिंडं त्याच्या रक्तात जातात. ही उसनी प्रतिपिंडं काही आठवडे पिल्लाला जपतात, पण टोचलेल्या लसीलाही तीच निकामी करतात. हळूहळू ती ओसरतात. कुणाची सहाव्या आठवड्यात, कुणाची बाराव्या, तर कुणाची पार सोळाव्या आठवड्यापर्यंत टिकतात. एकाच वेतातल्या भावंडांतसुद्धा फरक असतो आणि बाहेरून तो ओळखता येत नाही. म्हणून पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या बाबतीत पुढचा प्रत्येक डोस हा मुख्यतः आणखी एक प्रयत्न असतो : मागच्या वेळी प्रतिपिंडांनी लस अडवली असेल तर या वेळी तरी ती लागू पडावी. यात एक धोक्याची फटही असते. आईची प्रतिपिंडं रोगाला रोखण्याइतकी उरलेली नसतात, पण लसीला रोखण्याइतकी असतात. ही फट प्रत्येक पिल्लाच्या वाट्याला येते, कुणाच्या काही दिवस तर कुणाच्या दोन-तीन आठवडे. डॉक्टरांची भीती खोटी नाही.

पण ती भीती कशाची, हेही पाहायला हवं. लहान पिल्लांचा सगळ्यात मोठा मारेकरी पार्व्हो. त्याचा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतो, तोही लक्षणं दिसायच्या आधीपासून, आणि सावलीतल्या ओलसर मातीत महिनोन् महिने जिवंत राहतो. पिल्लाच्या पोटात तो तोंडावाटेच जातो. पिल्लू जमीन हुंगतं, चाटतं, नंतर स्वतःचे पाय चाटतं. डिस्टेंपर आजारी कुत्र्याच्या शिंका-खोकल्यातून आणि नाकातल्या स्रावातून पसरतो, पण उन्हात तो फार काळ टिकत नाही. म्हणजे तिथे धोका अनोळखी कुत्र्याच्या जवळिकीचा आहे. लेप्टो उंदराच्या मुतातून डबक्यात उतरतो, रेबीज चावण्यातून. या यादीत रिक्षाचा आवाज नाही. वॉचमनकाका नाहीत, शाळेतून सुटलेली मुलं नाहीत, छत्री नाही. रोग जमिनीवरून आणि अनोळखी कुत्र्यांकडून येतो, तर जगाची ओळख डोळ्यांनी, कानांनी आणि नाकानं होते. पाय जमिनीला लागू दिले नाहीत तर या दोन गोष्टी बऱ्याच अंशी वेगळ्या ठेवता येतात.

अमेरिकेतल्या पशुवर्तनतज्ज्ञांच्या संघटनेनं 2008 मध्ये याबद्दल स्पष्ट भूमिका घेतली. पहिला डोस होऊन सात दिवस झालेलं, जंतांचं औषध मिळालेलं पिल्लू सात-आठ आठवड्यांपासून पिल्लांच्या वर्गात न्यावं, असं ती सांगते. कारणही सरळ दिलं आहे : तीन वर्षांखालच्या कुत्र्यांचे सर्वाधिक बळी संसर्गानं जात नाहीत, वर्तनाच्या तक्रारींनी जातात. कुत्रं चावतं, घाबरतं, मग ते सोडून दिलं जातं किंवा मारलं जातं. पुढे 2013 मध्ये अमेरिकेतल्या चार शहरांत झालेल्या पाहणीत, लस घेऊन अशा वर्गांना जाणाऱ्या पिल्लांना न जाणाऱ्यांपेक्षा पार्व्होचा जास्त धोका आढळला नाही.

पण हा सल्ला आपल्या गल्लीत जसाच्या तसा उतरवू नये, असं माझं मत आहे. तिथल्या बहुतेक रस्त्यांवर भटकी कुत्री नसतात आणि पाळलेल्यांना लसी दिलेल्या असतात. आपल्याकडे सोसायटीच्या फाटकाबाहेरच्या मातीत रोज डझनभर कुत्र्यांची ये-जा असते, त्यांच्यात दर हंगामाला नवी पिल्लं जन्मतात आणि पार्व्होनं मरतातही. आपली जमीन खरोखर धोक्याची आहे. म्हणून आपल्याकडे उत्तर निघतं ते असं : जमीन टाळण्यात डॉक्टरांपेक्षाही कडक व्हा, आणि जग दाखवण्यात अमेरिकनांइतके मोकळे.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. पुण्यात नदीपासून जवळच्या एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर एक कुटुंब राहतं, असं धरा. आई-बाबा, दहा वर्षांची मुलगी आणि आजी. 1 जूनला जन्मलेली देशी पिल्ली त्यांनी दत्तक घेतली. रंग खारी बिस्किटासारखा, म्हणून नाव खारी. तिला सांभाळणाऱ्या घरानं 13 जुलैला, सहा आठवड्यांची असताना, पहिला डोस दिला होता आणि जंतांचं औषधही. 27 जुलैला, पुऱ्या आठ आठवड्यांची होऊन, ती या घरी आली. पुढचे डोस 3 ऑगस्ट, 24 ऑगस्ट (त्याच फेरीत रेबीज) आणि 21 सप्टेंबरला. शिवाय दिवस पावसाळ्याचे आणि समोर गणपती. रस्त्यावरून थेट उचललेलं पिल्लू असतं तर आधी किमान दोन आठवडे त्याला इतर कुत्र्यांपासून वेगळं ठेवायला हवं होतं, कारण आजार आधीच अंगात मुरत असू शकतो. खारीच्या बाबतीत ते दोन आठवडे सांभाळणाऱ्या घरीच गेले.

पहिले तीन-चार दिवस कुठेही नेऊ नये. आठ ते दहा आठवड्यांच्या काळात बसलेला एखादा मोठा धसका खोल जातो आणि नव्या घराचाच तिला पुरेसा ताण असतो. पण घरातही काम भरपूर आहे. कुकरची शिट्टी, मिक्सर, केरसुणी, दाराची बेल. मिक्सरची ओळख अशी करून द्यायची : मिक्सर स्वयंपाकघरात, दार बंद; खारी हॉलमध्ये मुलीजवळ. आवाज सुरू झाला की क्षणभरात उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे एकामागून एक. आवाज थांबला की चिकनही थांबलं. क्रम महत्त्वाचा आहे, आधी आवाज आणि मग खाऊ. उलटं केलं तर खाऊ दिसताच तिला वाटू लागेल की आता काहीतरी भयंकर येणार. दोन दिवसांनी दार किलकिलं, मग उघडं. सोबत रोज दोन-दोन मिनिटं पंजे हातात धरणं, कानात डोकावणं, ओठ वर करून दात पाहणं, टॉवेलनं पुसणं. पुढे नखं कापताना दोन माणसांनी कुत्रं दाबून धरावं लागतं, त्यातलं निम्मं काम इथे वाचतं.

जमिनीचा प्रश्नही घरापासूनच सुरू होतो, कारण विषाणू बुटांवरून आत येतो. चपला दाराबाहेर काढायची आपली रीत इथे फार उपयोगी पडते. फक्त चपलांचं कपाट पिल्लाच्या आवाक्यात नको आणि बाहेरून आलेल्यानं साबणानं हात धुवावेत. अल्कोहोलच्या सॅनिटायझरला पार्व्हो दाद देत नाही, फिनेलवरही भिस्त ठेवू नये. फरशी निर्जंतुक करायचीच असेल तर आधी साबणानं मळ काढावा, मग घरगुती ब्लीचचा एक भाग तीस भाग पाण्यात मिसळून दहा मिनिटं फरशी ओली ठेवावी आणि नंतर धुऊन, वाळवून पिल्लाला त्यावर येऊ द्यावं. मळ तसाच असेल तर ब्लीचचा जोर त्यातच संपतो. ब्लीचमध्ये संडास धुण्याचं अॅसिड कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

पाचव्या दिवसापासून खारी झोळीतून खाली जाऊ लागली. छातीशी बांधायची लहान मुलांची झोळी किंवा खोल कापडी पिशवी चालते, फक्त पिल्लाला उडी मारता येणार नाही, अशी हवी. फाटकाजवळच्या बाकावर दहा मिनिटं बसायचं, बस्स. पिल्लू मांडीवरच. मांडीवर राहत नसेल तर घरून आणलेली सतरंजी बाकावर पसरून त्यावर, आणि ती घरी गेल्यावर धुवायला. घंटागाडी येते, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला येतो, रेनकोटमधला दूधवाला, काठी टेकत चालणारे आजोबा, सायकलींची टोळी. प्रत्येक नवी गोष्ट दिसली की एक तुकडा. कुणी ओंजळभर प्रेमानं धावत आलंच, तर त्यानं हात पुढे करून थांबायचं आणि खारीनं हुंगायला मान पुढे केली तरच तिच्या छातीला हात लावायचा. आपल्याकडे पिल्लू म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. ते या हातातून त्या हातात फिरतं आणि डोक्यावर वरून थापा खातं. यात त्याला माणसं आवडायला लागत नाहीत, माणसांच्या हातातून सुटका नसते एवढंच ते शिकतं. मुलांनी जमिनीवर मांडी घालून बसावं आणि पिल्लाला आपल्याकडे येऊ द्यावं. पावसाळ्यातली छत्री मात्र एकदम फटकन उघडू नये. आधी उघडी छत्री घरात जमिनीवर पडलेली हुंगू द्यावी, मग लांबून हळू उघडून दाखवावी.

दुसऱ्या डोसनंतर एखादा दिवस ती मरगळलेली असेल, तेव्हा विश्रांती. त्यानंतर मोटारीतून किंवा रिक्षातून दौरे : शाळा सुटायच्या वेळी शाळेसमोर, मंडईच्या कडेला, बस डेपोजवळ. काच थोडी खाली, पिल्लू मांडीवर, दहा-पंधरा मिनिटं. ठिकाणं वेगवेगळी असावीत, पण एका दिवशी एकच. वीस ठिकाणी धावतपळत नेलेल्या पिल्लापेक्षा सात-आठ ठिकाणी आरामात चिकन खाल्लेलं पिल्लू पुढे बरं निघतं. दवाखाना मात्र सगळ्यात जोखमीची जमीन, कारण आजारी कुत्री तिथेच येतात. तिथे नंबर येईपर्यंत गाडीत किंवा बाहेर थांबावं, पिल्लू कडेवरून थेट टेबलावर आणि टेबल त्याआधी पुसून घ्यायला सांगावं, संकोच न करता.

ढोलांची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण बहुतेक कुटुंबं इथेच घसरतात. पुण्यात पथकांचा सराव गणपतीच्या कितीतरी आधीपासून नदीकाठी, पुलांखाली सुरू होतो. संध्याकाळी चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत तो लांबून ऐकू येतो. खारीनं पहिल्यांदा ऐकला तेव्हा कान टवकारले, मान तिरकी केली, मुलीनं दिलेला तुकडा खाल्ला आणि पुन्हा कान टवकारले. हे कुतूहल. तीन संध्याकाळी असंच झाल्यावर बाबांना वाटलं, जमलं. चौथ्या दिवशी गाडी सरावाच्या जागेपासून शे-दीडशे मीटरवर उभी केली. खारी मांडीवरच होती, रडली नाही, भुंकली नाही. पण तिनं दोनदा जांभई दिली, ओठ चाटले, ढोलांकडे पाठ केली आणि नाकाशी धरलेलं चिकन हुंगूनही घेतलं नाही. बाबांना ती शांत वाटली. आजीच म्हणाली, "अरे, घास घेत नाहीये ती. चल इथून."

आजीचं बरोबर होतं. झोप आलेली नसताना जांभई, खायचं काही नसताना ओठ चाटणं, मान वळवणं, डोळ्यांचा पांढरा कड दिसणं, शेपूट पोटाशी, अंग ताठ : ही भीतीची पहिली चिन्हं आहेत आणि ती अगदी गप्प असतात. खाऊ नाकारणं ही त्यातली सगळ्यात सोपी खूण. सोडवणूक अंतरात असते. त्याच वेळी पाठी फिरावं आणि पुढच्या खेपेला दुप्पट लांब उभं राहावं. "सवय होईल" म्हणून तिथेच बसून राहिलं असतं तर पिल्लू थोड्या वेळानं खरोखर निपचित पडलं असतं आणि घरच्यांनी तेही सवयीच्या खात्यात टाकलं असतं. पुढच्या वेळी गाडी जिथे थांबली तिथून ढोल ऐकू येत होते, पण छातीत धडकत नव्हते. खारीनं खाल्लं. दोन आठवड्यांत अंतर थोडं-थोडं कमी झालं. तरी त्यांनी ते फार कमी केलं नाही आणि ते योग्यच होतं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, चौदा आठवड्यांची असताना, घरात आरती झाली तेव्हा ती शेजारच्या खोलीत मुलीबरोबर होती. टाळ-झांजांचा आवाज दाराआडून, आणि खाऊ. विसर्जन मिरवणुकीला तिला नेलं नाही. त्या रात्री खिडक्या बंद, पंखा सुरू, टीव्ही नेहमीपेक्षा मोठा आणि घरात एक माणूस तिच्यासोबत. चौदा आठवड्यांच्या पिल्लाला मिरवणूक दाखवणं म्हणजे केलेल्या कामावर पाणी.

माणसं, आवाज, वाहनं हे सगळं कडेवरून होतं. कुत्र्यांची भाषा मात्र कुत्र्यांकडूनच शिकावी लागते : किती जोरात चावलं की समोरचा खेळ थांबवतो, कुणी गुरगुरलं की मागे कसं सरायचं. यासाठी तीन-चार ओळखीची मोठी कुत्री पुरतात. अटी अशा, की त्यांच्या लसी पूर्ण आहेत, ती आजारी नाहीत, त्यांना पिल्लं सोसतात आणि भेट त्यांच्या किंवा आपल्या घरातल्या फरशीवर होते, बागेत किंवा पार्किंगमध्ये नव्हे. त्यांचेही पाय आधी धुतलेले असावेत. खारीची भेट तिसऱ्या मजल्यावरच्या सहा वर्षांच्या लॅब्रेडॉरशी होत असे, आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटं. एकदा खारीनं त्याचा कान जास्तच ओढला, त्यानं एक दबका "भॉ" केला आणि तोंड फिरवलं. खारी चाट पडली, क्षणभर बसली, मग नम्रपणे परत गेली. मोठ्या कुत्र्यानं असं एकदा दटावलं तर मध्ये पडू नये, तो धडाच आहे. पिल्लू लपायला लागलं किंवा मोठं कुत्रं त्याचा पाठलाग सोडेना, तर मात्र लगेच वेगळं करावं.

पिल्लांचा वर्ग शहरात मिळत असेल तर जाण्याआधी स्वतः एकटं जाऊन पाहून यावं. लसीची पुस्तिका बघतात का, पहिल्या डोसनंतर सात दिवसांचा नियम पाळतात का, पातळ शौच होणाऱ्या पिल्लाला परत पाठवतात का, फरशी कशानं धुतात, आणि ती जागा बंद आहे की भटक्या कुत्र्यांना खुली. गवताच्या मोकळ्या मैदानावर भरणारा वर्ग मी आपल्याकडे सोळा आठवड्यांआधी तरी टाळेन, शिक्षक कितीही चांगला असो. मातीला ब्लीच लावता येत नाही.

एवढं करूनही पिल्लू आजारी पडणारच नाही, याची हमी कुणी देऊ शकत नाही. पार्व्होची सुरुवात साधी दिसते : पिल्लू खेळत नाही, जेवत नाही. मग उलट्या, आणि बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत दुर्गंधीचे, रक्त पडणारे जुलाब. लस घेतलेली पिल्लंही आधी सांगितलेल्या फटीत सापडू शकतात, म्हणून "डोस झालाय" म्हणून थांबू नये. लहान पिल्लानं दोन वेळचं अन्न टाकलं आणि उलटी केली तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावं. विष्ठेच्या नमुन्यावर दवाखान्यातच थोड्या मिनिटांत चाचणी होते. उपचाराविना बहुतेक पिल्लं दगावतात, वेळेत सलाइन आणि शुश्रूषा मिळालेली बहुतेक वाचतात. दवाखान्यात फोन करून आधी कळवावं, म्हणजे ते तुम्हाला बाकीच्या कुत्र्यांपासून वेगळं आत घेतील. आणि घरात पूर्वी पार्व्होनं पिल्लू गेलं असेल तर नवं आणण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं.

रेबीजची बाब वेगळी आहे. तीन महिन्यांआधी पिल्लाला त्याचं संरक्षण नसतं. अनोळखी कुत्रं त्याला चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुऊन लगेच डॉक्टर गाठावा. रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाचे दात आपल्याला लागले, तरी आपली जखम तशीच धुवावी आणि आपल्या डॉक्टरकडे जावं. "पिल्लूच आहे, त्याला काय होतंय" हे वाक्य इथे चालत नाही.

एक बारीक अडचण लोकांच्या उशिरा लक्षात येते. चार महिने टाइल्सवर किंवा वर्तमानपत्रावर शी-शू केलेलं पिल्लू पुढे बाहेर तासभर फिरून येतं आणि घरात शिरल्यावर टाइल्सवरच बसतं, कारण पायाखालचा पृष्ठभागच त्याची खूण झालेला असतो. म्हणून गॅलरीत प्लास्टिकच्या गवताचा तुकडा ट्रेमध्ये ठेवून तिथेच सवय लावावी. दुसऱ्या कुठल्या कुत्र्याचं जाणं-येणं नसलेली गच्ची असेल तर तीही कामाची : ओली फरशी, जाळी, पत्रा, पायऱ्या, असे पृष्ठभाग तिथे पायांना कळतात. घरात स्टीलची परात पालथी घालून त्यावर चढायला शिकवलं तरी निम्मं काम होतं.

खारीचा शेवटचा डोस 21 सप्टेंबरला झाला. प्रतिकारशक्ती तयार व्हायला दिवस लागतात, म्हणून डॉक्टरांनी तिला आणखी दोन आठवडे थांबवलं आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ती पट्ट्यावर खाली उतरली. पहिली फेरी सकाळी लवकर, डांबरी रस्त्यानं, कचराकुंडीचा कोपरा आणि साचलेलं पाणी टाळून. लेप्टोची लस घेतली तरी डबक्यातलं पाणी पिऊ द्यायचं नाही आणि घरी आल्यावर बोटांच्या बेचक्यांत व कानांमागे गोचीड शोधायचा. आधीच्या दोन महिन्यांत ओळखीचे झालेले फाटक, बाक आणि वॉचमनकाका आता खालून दिसत होते, एवढाच फरक. जागतिक पशुवैद्यक संघटनेच्या अलीकडच्या सूचनांनुसार पुढचा डोस वर्षाची वाट न पाहता सव्वीस आठवड्यांच्या सुमारास घ्यावा, म्हणजे आधीचे सगळे डोस आईच्या प्रतिपिंडांनी अडवले असतील तर तेही भरून निघतं. खारीच्या पुस्तिकेत ती तारीख 30 नोव्हेंबर पडली आहे.